दर वाढवायचाय? जुन्या ग्राहकांना ४५ सेकंदांच्या व्हिडिओत कसं सांगायचं

घरात कोणी डबे करत असेल, क्लास घेत असेल, शिवणकाम करत असेल, तर एक काम कधी ना कधी तुमच्याकडे येणारच. "तुला मोबाइलमधलं कळतं ना? मग एक छोटा व्हिडिओ करून दे. दर वाढवलाय म्हणून सांगायचंय सगळ्यांना."

माझ्याकडे हे काम मागच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला आलं. चारकोपमध्ये आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकू दुपारचे डबे देतात. तेव्हा त्यांची ६० गिऱ्हाइकं होती. काही जवळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये काम करणारी, काही भाड्याने राहणारी मुलं, काही एकटे राहणारे आजी-आजोबा. एका डब्याचे १०० रुपये, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २,६०० रुपये. हा दर दोन वर्षं तसाच होता आणि आता काकूंना तो २,८६० करायचा होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, व्हिडिओ करणं हा माझा धंदा नाही. पहिला व्हिडिओ फसला, दुसरा जमला. दोन्हींत फरक काय होता, ते इथे सांगते.

आधी वहीतला हिशोब, मग कॅमेरा

काकू मला पहिल्यांदा म्हणाल्या, "अगं, माफी मागून सांगू या. लोक सोडून गेले तर काय करायचं?" ही भीती व्हिडिओत उतरते. माणूस घाबरलेला असला की लांबण लावतो आणि आकडा शेवटी, हळूच सांगतो. म्हणून आधी वही काढून बसलो.

एका डब्यामागे किराणा, भाजी, गॅस धरून खर्च दोन वर्षांपूर्वी ६२ रुपये होता, आता ७० झाला होता. म्हणजे १०० रुपयांच्या डब्यामागे हातात ३० रुपये. महिन्याचे २६ दिवस आणि ६० गिऱ्हाइकं धरली तर ४६,८०० रुपये. त्यातून मदतीच्या बाईंचा पगार आणि डबे पोचवणाऱ्या मुलाचे पैसे मिळून २८,००० जायचे. काकूंना उरायचे १८,८००. दोन वर्षांपूर्वी याच ६० डब्यांतून ३१,२८० उरत होते.

आता दर ११० केला तर डब्यामागे ४० रुपये हातात येतात, एका गिऱ्हाइकामागे महिन्याला १,०४०. आजचे ४६,८०० मिळवायला मग ४५ गिऱ्हाइकं पुरतात. म्हणजे १५ जण सोडून गेले तरी काकू आज आहेत तिथेच राहणार. पंधराच्या पुढे गेले तरच नुकसान.

हा आकडा कळल्यावर काकूंचा आवाजच बदलला. माफीचा विषय संपला. तुम्हीही हा हिशोब आधी करा: सध्या एकूण हातात येणारी रक्कम भागिले नव्या दराने एका गिऱ्हाइकामागे सुटणारी रक्कम. जो आकडा येईल तेवढी गिऱ्हाइकं टिकली पाहिजेत. तो आकडा आजच्या संख्येच्या अगदी जवळ असेल, तर वाढ फार लहान आहे. एवढ्याशासाठी सगळ्यांना त्रास द्यायचा का, याचा आधी विचार करा.

पहिला व्हिडिओ का फसला

पहिला व्हिडिओ १ मिनिट ४८ सेकंदांचा झाला. सुरुवातीला वाफाळता भात, मागे संगीत, मग काकू: "घरगुती, स्वच्छ, चविष्ट जेवण ही आमची ओळख." मग रविवारची नवी स्पेशल थाळी. मग महागाई. दीड मिनिट झाल्यावर नवा दर, आणि लगेच हात जोडून नमस्कार.

मी तो माझ्या भावाला पाठवला. विसाव्या सेकंदाला त्याने बंद केला आणि विचारलं, "थाळी चालू केली का काकूंनी? कितीला आहे?" दरवाढ त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

चूक अशी होती की आम्ही जाहिरात केली होती. जाहिरात नव्या माणसासाठी असते, त्याला आधी भुरळ घालावी लागते. जुन्या गिऱ्हाइकाने तो भात काल दुपारीच खाल्लेला असतो. त्याच्या मनात फक्त चार प्रश्न येतात: किती वाढले, कधीपासून, का, आणि मला नको असेल तर काय. ही उत्तरं मिळेपर्यंत त्याला बाकीचं काही ऐकूच येत नाही. उलट आधी गोड बोलून शेवटी आकडा सांगितला, की आधीचं सगळं गोड बोलणं मुद्दाम केल्यासारखं वाटतं.

दोन बातम्या एका व्हिडिओत नकोत

काकूंना स्पेशल थाळी व्हिडिओतून काढायची नव्हती. "दर वाढवतोय तर काहीतरी नवीन देतोय असं दिसायला नको का?" हा प्रश्न साधा नाही. मोठमोठ्या कंपन्याही इथेच अडकतात, म्हणून मी त्यांना नेटफ्लिक्सचं उदाहरण सांगितलं.

गोष्ट २०११ची, नेटफ्लिक्स भारतात यायच्या आधीची. तेव्हा अमेरिकेत नेटफ्लिक्स पोस्टाने डीव्हीडी घरी पाठवायचं आणि इंटरनेटवरही सिनेमे दाखवायचं. दोन्ही मिळून महिन्याला ९.९९ डॉलर. जुलै २०११मध्ये कंपनीने दोन्हींचे वेगळे प्लॅन केले, प्रत्येकी ७.९९ डॉलर. ज्याला दोन्ही हवेत त्याचा खर्च झाला १५.९८, म्हणजे जवळपास ६० टक्के वाढ. जुन्या ग्राहकांना हा दर सप्टेंबरपासून लागला. पण घोषणेत भर होता तो नुसत्या डीव्हीडीचा प्लॅन किती स्वस्त झाला यावर. दोन्ही वापरणाऱ्यांना स्वतःचा आकडा दिसत होता, त्यामुळे ते आणखी चिडले.

मग सप्टेंबरमध्ये कंपनीचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी चूक झाल्याचं लिहून मान्य केलं आणि सोबत एक व्हिडिओ टाकला. त्यात सांगायची गोष्ट एकच असायला हवी होती: दर का वाढले. पण त्याच दमात त्यांनी दुसरी बातमी दिली. डीव्हीडीची सेवा आता वेगळी होणार, तिचं नाव क्विकस्टर, तिची वेबसाइटही वेगळी. लोक किमतीबद्दल बोलत होते, त्यांना मिळालं नवं नाव आणि जास्तीचं लॉगिन. दर मात्र तेवढाच राहिला. तीन आठवड्यांत क्विकस्टर रद्द करावं लागलं आणि त्या तिमाहीत अमेरिकेतले सुमारे ८ लाख ग्राहक कमी झाले.

काकूंच्या स्पेशल थाळीचं गणित हेच होतं. दरवाढीसोबत नवी गोष्ट आणली की गिऱ्हाईक म्हणतं, "मला ती थाळी नकोच आहे, मग तिचे पैसे मी का देऊ?" वाढ असते जुन्या डब्याची, पण तिचं कारण दिसतं नवी थाळी. शेवटी ठरलं: थाळी ऑगस्टमध्ये, वेगळ्या मेसेजने.

किंमत का मोजायची, हे विशेषणांशिवाय

दर सांगताना आपण काय देतो याची आठवण करून द्यायला हवीच. प्रश्न आहे ती कशी द्यायची. "चविष्ट" आणि "घरगुती" हे शब्द चारकोप मार्केटमधल्या प्रत्येक पोळी-भाजी केंद्राच्या बोर्डवर असतात. त्यातून गिऱ्हाइकाला स्वतःचं काहीच आठवत नाही.

आम्ही काकूंची वही परत उघडली आणि तीन गोष्टी शोधल्या. त्या प्रत्येकाला मिळालेल्या हव्यात, पैसे न घेता दिलेल्या हव्यात, आणि पुढेही देणार असायला हव्यात. निघाल्या त्या अशा: आदल्या रात्री कळवलं तर त्या दिवसाचे पैसे कापून घेतात. उपवासाच्या दिवशी सांगितलं तर त्याच पैशात उपवासाचा डबा देतात. आणि दोन वर्षांत चार पोळ्यांच्या तीन केल्या नाहीत.

यातली तिसरी सगळ्यात भारी आहे. दरवाढ टाळायला बरेच जण डबाच लहान करतात आणि गिऱ्हाइकाला ते कळतं, फक्त तो बोलत नाही. काकूंनी ते केलं नव्हतं. हे सांगितलं की वाढीचं कारणही आपोआप समजतं.

एक वाक्य मात्र काढावं लागलं. काकूंना म्हणायचं होतं, "डबा नेहमी वेळेवर पोचतो." वही बघितली तर मागच्या पावसाळ्यात इंडस्ट्रियल इस्टेटच्या बाजूला सात-आठ दिवस डबे उशिरा गेले होते. ज्याने त्या दिवशी दोन वाजेपर्यंत वाट बघितली, त्याला ते वाक्य ऐकून तोच दिवस आठवणार, आणि मग बाकीच्या तीन खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसणार नाही. ज्या गोष्टीला एकही गिऱ्हाईक "माझ्या बाबतीत नाही झालं असं" म्हणू शकेल, ती व्हिडिओत घेऊ नका.

४५ सेकंदांची स्क्रिप्ट

शेवटी काकू जे बोलल्या ते हे:

पहिले १० सेकंद: "नमस्कार, मी डब्याची काकू. १ जुलैपासून आपल्या महिन्याच्या डब्याचा दर २,६०० ऐवजी २,८६० रुपये होतोय. एका डब्यामागे १० रुपये जास्त."

पुढचे १० सेकंद: "दोन वर्षं दर वाढवला नव्हता. आता किराणा, भाजी, गॅस धरून एका डब्याचा खर्च आठ रुपयांनी वाढलाय, जुन्या दरात भागत नाही."

पुढचे १५ सेकंद: "पोळ्या चारच राहतील, भाजी तेवढीच राहील. आदल्या रात्री कळवलं तर त्या दिवसाचे पैसे आतासारखेच कापून घेईन. उपवासाचा डबाही त्याच पैशात."

शेवटचे १० सेकंद: "जुलैचे पैसे ज्यांनी आधीच भरलेत त्यांना नवा दर ऑगस्टपासून. कोणाला बंद करायचा असेल तर ३० जूनपर्यंत सांगा, आगाऊ भरलेले पैसे परत देईन. काही विचारायचं असेल तर सरळ फोन करा."

आकडा पहिल्या दहा सेकंदांत येतो, आणि महिन्याचा व एका डब्याचा असा दोन्ही प्रकारे येतो. नुसतं "फक्त १० रुपये" म्हटलं तर महिन्याचे २६० लपवल्यासारखे वाटतात. "फक्त" हा शब्दही मुद्दाम काढला. दहा रुपये फक्त आहेत की नाहीत, हे देणाऱ्याने ठरवायचं. आणि बंद करायचा मार्ग आपणच सांगितला की लोक रागाने नाही, विचार करून ठरवतात.

शूट करताना

फोन उभा धरला, खिडकीचा उजेड काकूंच्या चेहऱ्यावर येईल असा. डबे निघून गेल्यावर, साडेबारानंतर शूट केलं. त्याआधी स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन आणि कुकरच्या शिट्ट्यांमुळे आवाज नीट येत नव्हता. वायरचा इयरफोन लावून त्याच्या माइकवर आवाज घेतला, तो फोनच्या माइकपेक्षा बराच स्वच्छ आला.

बरेच लोक व्हिडिओ ट्रेनमध्ये किंवा कामाच्या ठिकाणी आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून दर आणि तारीख स्क्रीनवर लिहा. अक्षरं मोठी हवीत, कारण व्हॉट्सअॅप व्हिडिओ पाठवताना त्याची साइज कमी करतं आणि बारीक अक्षरं फिसकटतात. एडिटिंग अॅपमधल्या काही फॉन्टमध्ये देवनागरी तुटते. आमच्या पहिल्या प्रयत्नात "खर्च"चा रफार भलत्याच जागी गेला होता. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी असा मराठीसाठी बनवलेला फॉन्ट घ्या आणि जोडाक्षरं एकदा वाचून बघा. तारखेसोबत वर्षही लिहा. हा व्हिडिओ फॉरवर्ड होत राहतो आणि पुढच्या जूनमध्ये कोणाला तरी परत मिळाला तर पुन्हा दर वाढला असं वाटेल.

पाठवायचा कसा

स्टेटसला टाकू नका. स्टेटस गिऱ्हाईक नसलेलेही बघतात, आणि ज्याने बघायला हवं तो नेमका बघत नाही. ग्रुपवर टाकलं तर पहिला नाराज माणूस बोलला की बाकीचे त्याच्या मागून बोलतात.

आम्ही ब्रॉडकास्ट लिस्ट केली. यात मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो आणि उत्तरही फक्त आपल्यालाच येतं. पण ब्रॉडकास्टचा मेसेज ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मिळतो. म्हणून पाठवल्यावर दोन तासांनी तो मेसेज दाबून धरला आणि माहितीच्या पर्यायात कोणाकोणाला पोचला ते बघितलं. ६० पैकी ९ जणांना पोचला नव्हता. त्यातल्या आठ जणांना वेगवेगळा पाठवला. एक नजरेतून सुटला आणि त्याला दरवाढ त्याच्या रूममेटकडून कळली. सगळ्यात जास्त तोच चिडला. राग दहा रुपयांचा नव्हता, आपल्याला कोणी सांगितलं नाही याचा होता.

व्हिडिओखाली दोन ओळी लिहायच्याच: जुना दर, नवा दर, तारीख. व्हिडिओतला आकडा पुन्हा शोधता येत नाही, लिहिलेला येतो. आम्ही १० जूनला पाठवलं, म्हणजे विचार करायला जवळपास तीन आठवडे.

क्यूआर कोड विसरू नका

हे मी इंजिनिअर असूनही माझ्या उशिरा लक्षात आलं. काकूंचा क्यूआर कोड मीच कधीतरी बनवून दिला होता, रक्कम आत भरून. अशा कोडच्या आत साधारण असा मजकूर असतो:

```
upi://pay?pa=example@upi&pn=Daba&am=2600&cu=INR
```

यातला `am` म्हणजे रक्कम. स्कॅन केलं की २,६०० आपोआप येतात आणि बऱ्याच अॅपमध्ये ते बदलताच येत नाहीत. १ जुलैला सात जणांनी व्हिडिओ बघूनसुद्धा जुनेच पैसे भरले, कारण त्यांच्या गॅलरीत जुना कोड होता. मग प्रत्येकाकडे २६० रुपये मागत बसावं लागलं. दरवाढीत सगळ्यात अवघड वाटणारं काम तेच. व्हिडिओ पाठवायच्या दिवशीच नवा कोड पाठवा, किंवा `am` काढून टाका म्हणजे रक्कम ज्याची त्याने भरायची.

जमलं की नाही, कसं ओळखायचं

पाठवायच्या आधी एका माणसाला दाखवा आणि फोन बाजूला ठेवून तीन गोष्टी विचारा: किती, कधीपासून, नको असेल तर काय. एक जरी उत्तर चुकलं तरी व्हिडिओ परत करा.

पाठवल्यानंतर उत्तरं वाचा. "म्हणजे नक्की किती?" असे मेसेज येत असतील तर व्हिडिओ फसला. "ठीक आहे काकू" किंवा "मला जमणार नाही" असे आले तर जमला. दुसरं उत्तर वाईट वाटतं, पण त्या माणसाला सगळं नीट कळलंय.

काकूंकडून चार जण गेले. ५६ राहिले, महिन्याला उरतात ३०,२४०. दोन वर्षांपूर्वीच्या जवळपास तेवढेच.

आणि एका आजींचा फोन आला. त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला होता. "सगळं कळलं गं, पण माझं पेन्शन तेवढंच आहे." काकूंनी त्यांना दोन पोळ्यांचा लहान डबा सुरू केला, कमी पैशात. हे व्हिडिओत सांगितलं नव्हतं आणि सांगायचंही नव्हतं, नाहीतर निम्म्या लोकांनी तोच मागितला असता. शेवटचं "सरळ फोन करा" हे वाक्य अशा माणसासाठी असतं. ते ठेवलंत तर फोन उचलायची तयारी ठेवा.